आजीच्या ऐंशीला नातीनं काय बोलावं?

घरात आजीची ऐंशी पूर्ण झाली की कार्यक्रम ठरतो. हॉल किंवा घरचं अंगण, कणकेचे ऐंशी दिवे, औक्षण, मग जेवण. औक्षण आणि जेवण यांच्या मधल्या वेळात कुणीतरी म्हणतं, नातवंडांपैकी एकानं दोन शब्द बोलावेत. जी नात किंवा जो नातू बोलायला उभा राहतो, त्याच्यासमोर चाळीस-पन्नास माणसं असतात आणि ती सगळी आजीला त्याच्यापेक्षा जास्त वर्षं ओळखत असतात. त्यामुळे हे भाषण व्यासपीठावरच्या सत्काराच्या भाषणापेक्षा वेगळं असतं. सत्कारात पाहुण्याची ओळख करून द्यावी लागते. इथे ओळख करून द्यायची गरजच नसते. मग बोलायचं काय?

याचं एक चांगलं उत्तर मी मंगळवेढ्याच्या बाजूच्या एका शेतकरी घरात ऐकलं. बोलणारी नात तिशीच्या आतली, पुण्यात नोकरी करणारी. ती सहा मिनिटं बोलली आणि त्या सहा मिनिटांत तिनं आजीचे तीन प्रसंग सांगितले, एवढंच. पण त्या तीन प्रसंगांमागे बरीच निवड होती, बरीच खोडाखोड होती. तिचे कच्चे कागद मला नंतर पाहायला मिळाले. असं भाषण कसं घडतं, ते त्या कागदांवरून नीट दिसतं.

ऐंशी की एक्याऐंशी?

आधी वयाबद्दल. आपल्याकडे या वयाला सहस्रचंद्रदर्शन म्हणतात, कारण माणसानं हजार पौर्णिमा पाहिल्या असं धरलं जातं. हा हिशोब सोपा आहे. ऐंशी वर्षांचे बारा महिन्यांप्रमाणे 960 महिने होतात. त्यात अधिक महिने मिळवायचे. अधिक मास साधारण 32-33 महिन्यांनी एकदा येतो, म्हणजे ऐंशी वर्षांत 29 ते 30 वेळा. बेरीज 990च्या आसपास येते. उरलेल्या दहा पौर्णिमांना आणखी दहा महिने लागतात. दुसऱ्या बाजूनं मोजलं तरी तेच येतं : एका पौर्णिमेपासून दुसरीपर्यंत सरासरी साडेएकोणतीस दिवसांहून किंचित जास्त वेळ जातो, त्याची हजारपट केली की ऐंशी वर्षं दहा महिने होतात. म्हणून काही घरं ऐंशी पुरी झाल्यावर हा सोहळा करतात, काही एक्याऐंशीव्या वर्षाच्या अखेरीस.

खरी अडचण जन्मतारखेची असते. 1945च्या सुमारास खेड्यात जन्मलेल्या बाईची तारीख कागदावर बहुधा नसतेच. शाळेत गेलेल्यांच्या दाखल्यावर गुरुजींनी लिहिलेली 1 जून असते. शाळेतच न गेलेल्यांच्या कार्डावर 1 जानेवारी असते. या आजी शाळेत गेल्या नव्हत्या. घरच्यांनी वय ठरवलं ते थोरल्यांच्या बोलण्यावरून : स्वातंत्र्य मिळालं तेव्हा मुलगी अंगणात पळत होती. नातीनं पहिल्या कच्च्या कागदावर 'आजचा आजीचा जन्मदिवस' असं लिहिलं होतं. ते खोडून तिनं 'आज आपण आजीची ऐंशी करतोय' असं केलं. दुसरं वाक्य खरं होतं, आणि ऐकणाऱ्या थोरल्यांपैकी कुणाला त्यावर हरकत घेता आली नसती.

पहिला मसुदा आणि त्यातला दोष

नातीचा पहिला मसुदा असा सुरू होत होता : 'आमची आजी म्हणजे मायेचा सागर. ती पहाटे चारला उठायची, सडा घालायची, जात्यावर दळायची. कुणालाही उपाशी पाठवायची नाही. तिनं आयुष्यभर कष्ट केले.' यात खोटं काही नव्हतं, तरीही तिनं ते मोठ्यानं वाचलं तेव्हा तिच्या धाकट्या भावानं विचारलं, 'आजी गेलीय का?'

त्याच्या कानाला जे खटकलं त्याचं कारण व्याकरणात आहे. उठायची, घालायची, दळायची हा शाळेत शिकवतात तो रीती भूतकाळ. पूर्वी नेहमी घडायचं आणि आता घडत नाही, असा त्याचा सूर असतो. दहाव्या-तेराव्याच्या शोकसभेत माणसं याच काळात बोलतात. आजी समोर खुर्चीत बसलेली असताना तिच्याबद्दल सलग दहा वाक्यं या काळात बोलली की ऐकणाऱ्यांना नकळत श्रद्धांजली ऐकू येते.

या काळाचा दुसरा तोटा असा की त्यात प्रसंग उभाच राहत नाही. 'ती कुणालाही उपाशी पाठवायची नाही' या वाक्यात दिवस नाही, माणूस नाही, ताट नाही. असं वाक्य महाराष्ट्रातल्या कुठल्याही आजीला लागू पडतं. 'त्या दिवशी' म्हटलं की क्रियापद आपोआप बदलतं : उठली, म्हणाली, बसली. एका दिवसाची एक गोष्ट सुरू होते, आणि ती फक्त याच आजीची असते.

म्हणून सोपी कसोटी ही. मसुदा वाचताना '-ायचा, -ायची'वाली क्रियापदं पेन्सिलीनं खुणावत जावं. ओळीत तीनपेक्षा जास्त खुणा दिसल्या की तिथे प्रसंग नाही, नुसतं वर्णन आहे असं समजावं.

प्रसंग निवडायचे कसे

नातीनं मग कागदावर आठवणींची यादी केली. एका आठवणीला एक ओळ. डझनभर ओळी झाल्या. दुष्काळात आजीनं खडी फोडली ती गोष्ट, दिवाळीचे लाडू, आजीनं मोडलेली भाकरी खाल्ली तो दिवस, हळदीकुंकवाचा दिवस, शिक्षणासाठी आजीनं पाटल्या गहाण टाकल्या ती गोष्ट, काठीवरून झालेलं भांडण, असं बरंच काही. या यादीला तिनं तीन प्रश्न लावले.

पहिला प्रश्न : हे मी स्वतः पाहिलं का? यात दुष्काळाची गोष्ट गळाली. 1972च्या दुष्काळात आजी सत्तावीस वर्षांच्या होत्या, सरकारी कामावर खडी फोडायला जात होत्या, आणि लेकरांना सुकडी मिळत होती. ही त्या घरातली सर्वांत मोठी गोष्ट आहे यात शंका नाही. पण नातीचा जन्म त्यानंतर चोवीस वर्षांनी झाला. तिनं ती सांगितली असती तर ऐकीव झाली असती, आणि खडीच्या ढिगाशेजारी झोळीत झोपलेली आत्या समोरच बसली होती. नातीनं ती गोष्ट आत्याकडे सोपवली. आत्या नंतर उठून चारच वाक्यं बोलल्या आणि ती त्यांच्या तोंडी शोभली. नातवंडानं आपल्या वाट्याला आलेली आजीच सांगावी. ती बहुधा पन्नाशीनंतरची आजी असते आणि त्या आजीचा साक्षीदार तेच असतं.

दुसरा प्रश्न : यात आजीनं काही केलं का? आजी 'प्रेमळ होती' हे दृश्य नाही. दृश्यात हात हलावा लागतो, काहीतरी उचललं, ठेवलं, दिलं, नाकारलं पाहिजे. लाडवांची आठवण इथे अडली. लाडू छान होते, पण त्यात आजीनं लाडू केले याखेरीज काहीच घडत नव्हतं.

तिसरा प्रश्न : हे चारचौघांत सांगायला आजीची हरकत आहे का? पाटल्यांची गोष्ट नातीला फार सांगायची होती. तिनं आधी आजीला विचारलं. आजी म्हणाली, 'तुझ्या बापाला खाली बघायला लावू नको.' त्या वर्षी वडिलांकडे पैसे नव्हते, हे त्या गोष्टीतून आपोआप सांगितलं गेलं असतं. नातीनं ती ओळ खोडली. आजीची थोरवी सांगताना घरातल्या दुसऱ्या कुणाची उणीव उघडी पडत असेल तर ती गोष्ट त्या दिवशी सांगू नये. ऐंशीच्या कार्यक्रमातून एखादं माणूस दुखावून उठलं तर सर्वांत जास्त त्रास आजीलाच होतो.

उरले तीन प्रसंग : भाकरी, हळदीकुंकू, काठी. तीनच का? बोलताना आपण मिनिटाला साधारण शंभर ते सव्वाशे शब्द बोलतो. एक प्रसंग धड उभा करायला दीड मिनिट लागतं. तिन्हींना मिळून साडेचार, सुरुवात आणि शेवट धरून सहा मिनिटं. त्यापुढे लहान मुलं चुळबुळतात, वाढप्यांची घाई सुरू होते. शिवाय एका प्रसंगातून आजीची एकच बाजू दिसते. तीन वेगळे प्रसंग एकमेकांना पुरावा देतात. पण ते वेगळे हवेत. तिन्हींत आजी मायाच करताना दिसली तर तो एकच प्रसंग तीनदा सांगितल्यासारखा होतो. इथे पहिल्यात माया होती, दुसऱ्यात धाक आणि धाडस, तिसऱ्यात हट्ट. आणि तिन्हींत नातीचं वय वाढत गेलं : दुसरीतली, आठवीतली, कमावती. त्यामुळे तारखा न सांगताही ऐकणाऱ्याला काळ सरकताना कळत होता.

पहिला प्रसंग : भाकरी

नातीनं तो असा सांगितला :

'मी दुसरीत होते. ज्वारीची काढणी चालू होती आणि रानातल्या माणसांसाठी वीस भाकऱ्या न्यायच्या होत्या. पीठ जुनं होतं, त्याची विरी गेली होती. आजी आधणाचं पाणी घालून ते मळत होती. मी हट्टानं एक गोळा घेतला आणि थापायला बसले. कडा फाटल्या. आजीनं बोट ओलं करून सांधल्या. तव्यावर टाकताना माझ्या हातात भाकरीचे दोन तुकडे झाले आणि मी रडायला लागले. आजीनं दोन्ही तुकडे तव्यावर शेजारी शेजारी ठेवले, वरून पाणी फिरवलं, दोन्ही बाजूंनी भाजले आणि फडक्यात सगळ्यांत वर बांधले. रानात जेवायला बसल्यावर तिनं तेच आपल्याकडे घेतले. मी म्हटलं, आजी, ती मोडलेली आहे. आजी म्हणाली, कालवणात कुस्करल्यावर सगळ्या सारख्याच की गं.'

यात 'प्रेम' हा शब्द एकदाही नाही. विरी गेलेलं पीठ आहे. ज्वारीचं पीठ जुनं झालं की त्याचा चिकटपणा जातो, भाकरी थापताना फाटते, म्हणून ते उकळत्या पाण्यानं मळतात, हे त्या घरातल्या प्रत्येक बाईला माहीत होतं. नातीनं 'विरी' म्हटल्याबरोबर पुढच्या रांगेतल्या बायकांनी माना डोलावल्या. पोरीनं खरंच तिथे बसून पाहिलंय, याची त्यांना खात्री पटली. घरगुती भाषणात अशी एखादी नेमकी गोष्ट मोठं काम करते. पुढचं सगळं ऐकणारा मग विश्वासानं ऐकतो.

या प्रसंगाच्या कच्च्या कागदावर आणखी एक वाक्य होतं : 'आई माझ्यावर ओरडली, पण आजीनं जवळ घेतलं.' ते खरं असेलही. पण आई त्याच सभेत बसलेली होती, आणि त्या दिवशी वीस भाकऱ्यांची घाई तिलाच होती. नातीनं ते वाक्य काढलं आणि प्रसंगाचं काहीच बिघडलं नाही. आजीला मोठं करायला सुनेला लहान करण्याची चूक अशा भाषणांत फार सहज होते. बोलणाऱ्याच्या ध्यानात ती येत नाही, सुनेच्या मात्र वर्षानुवर्षं राहते.

दुसरा प्रसंग : वाण

'मी आठवीत होते. संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. सोप्यात बायका बसल्या होत्या आणि तबक माझ्या हातात होतं. तेवढ्यात शेजारच्या काकू दूध द्यायला आल्या. त्यांचे मालक आदल्या वर्षी गेले होते. आत बायका दिसल्यावर त्या उंबऱ्याबाहेरच थांबल्या, तांब्या दारात ठेवला आणि मागं वळल्या. आजीनं हाक मारली, तांब्या रिकामा करून घेऊन जा की. काकू आत आल्या. आजीनं त्यांचा हात धरून खाली बसवलं आणि मला म्हणाली, आधी हिला दे. मी थांबले. सोप्यात कुणीच बोलेना. आजी म्हणाली, तुझा हात का गं आखडला? मी काकूंना हळदीकुंकू लावलं, तिळगूळ दिला, वाण दिलं. मग आजीनं मला पुढच्या बाईकडे जायची खूण केली.'

हा तिन्हींतला सर्वांत जड प्रसंग, म्हणून तो मधे ठेवला. सुरुवातीला ठेवला असता तर ऐकणारे त्यासाठी तयार नसते, आणि शेवटी ठेवला असता तर वाढदिवस गंभीर होऊन संपला असता.

या प्रसंगाचं वजन समजायला तो काळ लक्षात घ्यावा लागतो. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला तो मे 2022मध्ये, आणि त्यानंतर राज्य सरकारनं इतर गावांनाही तसं आवाहन केलं. या आजींनी आपल्या सोप्यात जे केलं ते त्याच्या डझनभर वर्षं आधी. तेव्हा त्या स्वतः सवाष्ण होत्या. घरचं हळदीकुंकू होतं, आणि बायका उठून गेल्या असत्या तर बोल त्यांनाच लागला असता.

हे सगळं नातीला ठाऊक होतं. पहिल्या मसुद्यात तिनं प्रसंगाच्या शेवटी लिहिलंही होतं : 'त्या दिवशी माझ्या आजीनं समाजाला मोठा धडा दिला.' मग खोडलं. कारण सोप्यातल्या त्या बायकांपैकी निम्म्या समोर बसल्या होत्या. 'समाज' म्हणजे त्याच. धडा मिळाल्याचं त्यांना पुन्हा ऐकवायची गरज नव्हती. आजीनं मुलीला पुढच्या बाईकडे जायची खूण केली, तिथेच प्रसंग पुरा होतो. आपण काही विशेष केलं असं आजीला स्वतःला वाटलं नव्हतं, हेही त्या खुणेत येतं. तात्पर्य जोडलं की ते झाकलं जातं.

दुसरी खबरदारी शेजारच्या काकूंची. त्या कार्यक्रमाला येणार होत्या. नात आदल्या संध्याकाळी त्यांच्याकडे गेली, प्रसंग जसाच्या तसा वाचून दाखवला आणि सांगू का विचारलं. त्यांनी होकार दिला, नाव मात्र नको म्हणाल्या. भाषणात नाव नव्हतं. आपल्या आठवणीत दुसऱ्या कुणाचं दुःख असेल तर तिथे त्या माणसाचा होकार लागतो, आजीचा होकार पुरत नाही.

औक्षणाचाही विचार याच ओघात आला. आजोबा काही वर्षांपूर्वी गेले. आजीला कुंकू लावायचं की नाही यावर घरात आधी कुजबुज चालली होती. नातीनं सरळ आजीलाच विचारलं. आजी म्हणाली, 'लाव की. मी काय दुसऱ्यांच्या पोरींनाच लावायला सांगत होते होय?' औक्षण त्याप्रमाणे झालं. जिथे असा प्रश्न येईल तिथे तो आजीच्या मागे चर्चा करून सोडवू नये, तिला विचारून सोडवावा. काही आजींना कुंकू नको असतं, त्यांचंही ऐकावं.

तिसरा प्रसंग : काठी

'गेल्या उन्हाळ्यात डॉक्टरांनी आजीला काठी वापरायला सांगितली. काकांनी पंढरपुरातून चार पायांची चांगली काठी आणली. आजी म्हणाली, मी काय म्हातारी झाले का? काठी दाराआड गेली. आम्ही रोज बाहेर काढायचो, आजी रोज आत ठेवायची. मग कुरडया घातल्या. अंगणात बाजेवर कुरडया वाळत होत्या, आणि शेजारची शेळी आली. आजी दाराआडची काठी घेऊन जी निघाली, ती थेट बाजेपर्यंत. शेळी पळाली. आजी काठीकडे बघून म्हणाली, ही बरी आहे, राखणीला. त्या दिवसापासून काठी तिच्या हातात आहे. आत्ताही बघा, खुर्चीला टेकवून ठेवलीय. कुरडया नाहीत, शेळी नाही, तरी.'

सगळे हसले, आजीही हसली. हसू शेवटच्या प्रसंगात यावं. पहिल्या दोन प्रसंगांत आजी शहाणी दिसते, आणि तिसराही तसाच असता तर ती देव्हाऱ्यात जाऊन बसली असती. हट्ट आला आणि ती पुन्हा घरात आली. दोष सांगायचाच तर तो आजी स्वतः मिरवते असा सांगावा. तिला ऐकू कमी येतं, विसरायला होतं, अशा गोष्टींवर हसू काढू नये. त्या तिला आतून सलत असतात. काठीचा हट्ट मात्र आजी स्वतःच पाहुण्यांना सांगत होत्या.

शेवटचा प्रसंग ताजा असावा, यामागे आणखी एक कारण आहे. तो गेल्या उन्हाळ्यातला होता, आणि त्याचं शेवटचं वाक्य त्या क्षणी समोर दिसणाऱ्या वस्तूवर येऊन थांबलं. यातली 'काढायचो, ठेवायची' ही रीती भूतकाळाची क्रियापदं खटकत नाहीत, कारण ती ओळीनं येत नाहीत आणि लगेच 'शेळी आली' म्हणून एका दिवसावर येतात. भाषण बालपणातून सुरू होऊन आजच्या दिवसात, चालू वर्तमानात आलं. श्रद्धांजलीची चाल उलटी असते, ती मागे मागे जाते.

शेवट, आणि उभं राहण्याच्या गोष्टी

तिन्ही प्रसंग नातीनं जमलेल्यांना सांगितले, म्हणून आजीचा उल्लेख 'ती' असा झाला. शेवटी ती आजीकडे वळली आणि 'तू' म्हणाली. मराठी घरात सासूला 'तुम्ही' म्हणणारी सूनही आपल्या लेकीला आजीला 'तू' म्हणू देते. ती जवळीक नातवंडांचीच असते, आणि भाषणात ती एकदाच, शेवटी वापरली तर तिचा जोर कळतो. तिचा शेवट एवढाच होता :

'आजी, भाकरी मला अजून तुझ्यासारखी येत नाही. ताज्या पिठाचीसुद्धा कड फाटते. मी उद्या इथेच आहे. सकाळी परात घेऊन बसते, तू शेजारी बस. आणि आता नमस्कार करते.'

शंभर वर्षं जग, असं ती म्हणाली नाही. आयुष्याचा आशीर्वाद थोरल्यांनी धाकट्यांना द्यायचा असतो. नातीनं नमस्कार करावा आणि काही मागावं. मागणं जितकं लहान आणि जवळच्या दिवसाचं, तितकं ते आजीला खरं वाटतं. उद्या सकाळी तुझ्याकडून काही शिकायचंय, हे ऐंशीच्या बाईला ऐकायला आवडतं, कारण त्यात तिची अजून गरज आहे.

बोलण्याच्या तयारीचं थोडंसं. आजीला डाव्या कानानं कमी ऐकू येत होतं, म्हणून नात उजव्या बाजूला उभी राहिली. माइकचा आवाज भिंतीवर आपटून घुमतो आणि कमी ऐकणाऱ्याला त्यात शब्द सुटे ऐकू येत नाहीत. त्यामुळे आवाज वाढवण्यापेक्षा वाक्यं तोडून, सावकाश बोलणं बरं. भाषण मोबाइलवर न ठेवता तिनं मोठ्या अक्षरांत कागदावर लिहिलं, एका कागदावर एक प्रसंग. मोबाइल हातात असला की डोळे खाली राहतात, आणि मधेच फोन आला तर सगळंच अडतं. दुसऱ्या प्रसंगाला गळा दाटून येईल हे तिला माहीत होतं. त्या कागदाच्या वर तिनं फक्त 'पाणी' असं लिहून ठेवलं होतं. तिथे ती थांबली, घोटभर पाणी प्यायली आणि पुढे बोलली. रडू आवरायचा आटापिटा केला की आवाज फाटतो. थांबलं तर लोक थांबतात.

आणि शेवटची गोष्ट, जी अनेक घरं विसरतात : बोलून झालं की माइक आजीच्या हातात द्यावा. ज्याच्याबद्दल बोललं जातंय ते माणूस तिथेच बसून उत्तर देऊ शकतं, हे ऐंशीच्या भाषणाचं भाग्य आहे. त्या दिवशी आजीनं माइक घेतला आणि सगळ्यात आधी चूक काढली, 'भाकऱ्या वीस नव्हत्या, तीस होत्या. तुझ्या आजोबाच्या चार वेगळ्या.' नातीनं तिथल्या तिथे पहिल्या कागदावर वीसचा आकडा खोडून तीस लिहिलं, बाजूला तारीख घातली, आणि सगळे जेवायला उठले.